ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये कॉमर्स ७०, सायन्स ६०: हा फरक खरा किती?

प्रश्न: मुलगी यंदा दहावीला होती, सेमी-इंग्लिश. सुट्टीत एका खासगी केंद्रात तिची ॲप्टिट्यूड आणि इंटरेस्ट टेस्ट करून घेतली. अहवालात कॉमर्स ७०, सायन्स ६०, आर्ट्स ५५ टक्के ‘अनुरूप’ असं आलंय. १ ते १० च्या मापावर (स्टेन असं लिहिलंय) गुण असे: भाषिक ५, अंकीय ५, तर्क ६, अवकाशीय ८, यांत्रिक ४, कारकुनी ८. आवडीत कार्यालयीन काम ९, कलात्मक ८, संशोधक ७. मुलीला आर्किटेक्ट व्हायचंय. तिचे बाबा म्हणतात, टेस्ट केली आहे तर तिचं ऐकू या, कॉमर्सच घेऊ. अहवालावर किती विसंबायचं?

उत्तर:

ताई, शाखांपुढे लिहिलेल्या टक्क्यांवर अजिबात विसंबू नका. त्याआधीचे जे सुटे गुण तुम्ही दिले आहेत, त्यांत मात्र एक खरी आणि उपयोगाची गोष्ट आहे, आणि एक प्रश्न आहे जो चाचणी सोडवू शकत नाही. दोन्हींकडे येते, पण आधी हे ७० आणि ६० आले कुठून ते पाहू.

कोणतीही अभिक्षमता चाचणी ‘कॉमर्स’ किंवा ‘सायन्स’ मोजत नाही. ती अंकीय, अवकाशीय, भाषिक अशा सुट्या क्षमता मोजते. शाखेची टक्केवारी हा त्यानंतरचा हिशेब असतो. कोणत्या शाखेला कोणते गुण मोजायचे हे केंद्राने किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि ते सूत्र बहुतेक अहवालांत छापलेलं नसतं. तुमच्या अहवालात नेमकं काय केलं आहे ते त्यांनाच विचारावं लागेल. पण कॉमर्ससाठी साधारणपणे जे गुण धरतात ते घेऊन बघा: अंकीय ५, तर्क ६, कारकुनी ८ आणि कार्यालयीन आवड ९. सरासरी ७. सायन्ससाठी अंकीय ५, तर्क ६, अवकाशीय ८, यांत्रिक ४ आणि संशोधक आवड ७. सरासरी ६. दोन्हींना दहाने गुणलं की झाले ७० आणि ६०.

आता यातला एकेक गुण बाजूला काढा. कॉमर्समधून कारकुनी गुण काढला तर सरासरी ६.७ होते. सायन्समधून यांत्रिक काढला तर ६.५. दहा टक्क्यांचा फरक दोनावर आला. म्हणजे तुमच्या घरात ज्या फरकावरून चर्चा चालली आहे, तो जवळजवळ सगळा या दोन उपचाचण्यांवर उभा आहे. म्हणून त्या दोन नेमकं काय मोजतात ते सांगते.

कारकुनी चाचणीत नावांच्या किंवा आकड्यांच्या जोड्या शेजारी-शेजारी दिलेल्या असतात, समजा ५८३७२ आणि ५८३२७. दोन्ही सारख्या आहेत की वेगळ्या, एवढंच भरभर खूण करून सांगायचं असतं. वेळ मुद्दाम अपुरा असतो. यात डोळ्यांची तत्परता, सावधपणा आणि हाताचा वेग मोजला जातो. टापटिपीने काम करणाऱ्या मुलांना यात चांगले गुण मिळतात, आणि सरासरीने मुली मुलांपेक्षा थोड्या पुढे असतात. पूर्वी बँकेत, पोस्टात खतावण्या हाताने लिहिल्या जात तेव्हा या गुणाला मोठं मोल होतं. आज सीए किंवा अर्थशास्त्राकडे जाणाऱ्या मुलाला याहून कितीतरी जास्त लागतो तो तर्क, वाचून अर्थ लावण्याची ताकद आणि अंकांशी असलेला सराव. कारकुनीत ८ म्हणजे कॉमर्सची जाण असं होत नाही.

यांत्रिक चाचणीत चित्रं असतात: दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली आहेत, पहिलं उजवीकडे फिरलं तर दुसरं कुठे फिरेल, कोणत्या कप्पीने ओझं उचलायला कमी जोर लागेल. नाव क्षमतेचं असलं तरी यात अनुभवाचा वाटा बराच असतो. ज्या मुलाने सायकलची चेन बसवली आहे, पाना-पक्कड हाताळली आहे, त्याला ही चित्रं ओळखीची वाटतात. मुलींच्या हातात ही कामं सहसा दिली जात नाहीत. म्हणून केंद्राला एक गोष्ट जरूर विचारा: गुणांची तुलना मुलींच्या गटाशी केली की सगळ्यांच्या? आणि तो गट कोणत्या माध्यमाचा, साधारण कोणत्या वर्षांतला? कच्चे गुण, म्हणजे किती उत्तरं बरोबर आली तो आकडा, तेच राहतात, पण तुलनेचा गट बदलला की ४ चा ५ किंवा ६ होऊ शकतो.

आता स्टेनबद्दल, कारण ‘दहापैकी पाच’ म्हटलं की आपल्या डोक्यात शाळेचे गुण येतात. स्टेनमध्ये मधोमधचा बिंदू ५.५ असतो. त्या वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण ६८ मुलं ४ ते ७ या चार घरांत बसतात. ८ आणि त्याच्या वर फक्त सोळा-एक मुलं, आणि १० वर दोन-तीनच. म्हणजे ५ म्हणजे नापासाच्या काठावर नव्हे, अगदी मध्यात. ४ सुद्धा सर्वसाधारण पट्ट्यातच येतो, खालच्या कडेला. आणि सरासरी ६ ला दहाने गुणून ‘६० टक्के अनुरूप’ लिहिणं हे मुळातच दिशाभूल करणारं आहे. त्या मापावर ६ म्हणजे मध्याच्या जरा वर, तर आई-वडील ते ‘कसंबसं फर्स्ट क्लास’ असं वाचतात.

दुसरी गोष्ट मोजमापातल्या चुकीची. हीच मुलगी हीच चाचणी दुसऱ्या दिवशी, जराही सराव न करता देईल, तर तेच गुण येणार नाहीत. चांगल्या चाचण्यांचीही विश्वसनीयता ०.८ च्या आसपास असते. स्टेनमध्ये त्याचा अर्थ असा, की मिळालेल्या गुणाच्या दोन्ही बाजूंना साधारण एकेका घराची डगमग धरावी लागते. अंकीय ५ म्हणजे खरी क्षमता बहुधा ४ ते ६ च्या दरम्यान, आणि तेही शंभरातल्या सुमारे सत्तर वेळा. दोन गुणांची तुलना करताना दोन्हींची डगमग एकत्र येते. म्हणून मी अहवाल वाचताना एक साधा नियम पाळते: दोन उपचाचण्यांत तीन घरांचं अंतर असेल तर ते खरं मानायचं, दोनाचं असेल तर शंका ठेवायची, एकाचं असेल तर सोडून द्यायचं.

हा नियम तुमच्या मुलीच्या गुणांना लावला की अहवाल खूप छोटा होतो. भाषिक ५, अंकीय ५, तर्क ६ यांत काहीच फरक नाही. तिथे ती मध्यावर आहे. अवकाशीय ८ हा अंकीय, भाषिक आणि यांत्रिक या तिन्हींपेक्षा खरोखर वर आहे. कारकुनी ८ ही तसाच वर आहे, पण त्याचा अर्थ आपण पाहिला. म्हणजे अहवालातली एकमेव ठळक गोष्ट अशी, की एखादी आकृती मनात वळवून, उलटवून, घडी घालून पाहण्यात ती वयाच्या मानाने चांगलीच पुढे आहे. आणि ही मुलगी आर्किटेक्ट व्हायचं म्हणते आहे! केंद्राने काढलेल्या टक्क्यांत हीच गोष्ट सायन्सच्या सरासरीत पाच गुणांपैकी एक होऊन विरघळून गेली.

पण एवढ्यावर ‘घ्या सायन्स’ असं मी म्हणणार नाही, कारण आर्किटेक्चरच्या वाटेवर गणित उभं आहे. बी.आर्क.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करूनही जाता येतं, पण त्यातही गणित हवंच. (पात्रतेच्या टक्क्यांचे तपशील अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघा.) त्यामुळे तुमचा खरा प्रश्न सायन्स की कॉमर्स हा नाहीच. प्रश्न असा आहे, की अकरावी-बारावीचं गणित तिला झेपेल का, आणि दोन वर्षं ते करत राहण्याची तिची तयारी आहे का. अंकीय ५ हा आकडा याचं उत्तर देत नाही.

का देत नाही, ते नीट समजून घ्या. अंकीय चाचणीत बहुतेक अंकगणित असतं: अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, एखादी अंकमालिका, आणि सगळं घड्याळ लावून. अकरावीच्या गणितात त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती, फलन, सीमा, अवकलन येतं. तिथे बेरीज-गुणाकाराच्या वेगापेक्षा चिन्हांत विचार करणं आणि एका उदाहरणाला वीस मिनिटं चिकटून राहणं जास्त लागतं. दोन्हींचा संबंध आहे, पण तो सैल आहे. एकूणच अभिक्षमता चाचणीचे गुण आणि पुढचे परीक्षेतले गुण यांचा सहसंबंध ०.५ पर्यंत गेला तरी आम्ही तो चांगला मानतो. ०.५ चा वर्ग ०.२५. म्हणजे मुला-मुलांतल्या पुढच्या यशाच्या फरकापैकी चौथा हिस्सा चाचणीने समजला, तीन हिस्से बाहेर राहिले. त्यात अभ्यासाची सवय आहे, शिकवणारा आहे, तब्येत आहे, घरातलं वातावरण आहे, आणि त्या विषयाचा कंटाळा येतो की नाही हेही आहे.

इथे एक गोष्ट केंद्राकडून मिळवता आली तर मिळवा: अंकीय उपचाचणीची उत्तरपत्रिका, किंवा निदान दोन आकडे, किती प्रश्न सोडवले आणि किती बरोबर आले. समजा दोन मुलींचे प्रत्येकी ११ प्रश्न बरोबर आले. एकीने १२ च सोडवले, दुसरीने २० सोडवले. दोघींच्या अहवालात ५ च छापलं जाईल. पण पहिली मुलगी हळू आणि अचूक आहे. तिला गणित येतं, वेळ पुरला नाही. कदाचित सूचना इंग्रजीत होत्या आणि शाब्दिक उदाहरणं दोनदा वाचावी लागली. सेमी-इंग्लिशच्या मुलांत हे मी नेहमी पाहते. दुसरी मुलगी अंदाजाने उत्तरं ठोकते आहे किंवा तिचा पाया कच्चा आहे. या दोघींना मी वेगवेगळा सल्ला देईन. छापील अहवाल हा फरक गिळून टाकतो. भाषिक गुणाचंही तसंच. ती उपचाचणी इंग्रजीत झाली असेल तर त्या ५ मध्ये तिच्या इंग्रजी शब्दसंग्रहाचं माप आहे. मराठीत तिची भाषिक समज किती आहे ते त्यावरून कळणार नाही.

आवडीच्या चाचणीकडे वळू. अशा बहुतेक चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेली सहा प्रकारांची विभागणी आहे: वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पारंपरिक किंवा कार्यालयीन. विभागणी चांगली आहे, मी ती वापरते. पण पंधरा-सोळा वर्षांचं मूल ज्या कामाबद्दल ‘आवडेल’ अशी खूण करतं, त्यातली किती कामं त्याने जवळून पाहिलेली असतात? शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, पोलीस. बाकीच्यांबद्दल मालिकेत किंवा रीलमध्ये पाहिलेलं. त्यामुळे आवडीचे गुण या वयात आवड जितकी सांगतात, तितकीच ओळखही सांगतात. शिवाय आवडी कॉलेजच्या वयात म्हणजे अठरा ते बावीसच्या दरम्यान बऱ्याच स्थिरावतात, त्याआधी त्या हलत असतात.

कार्यालयीन ९ कसे आले ते मुलीशी बसून पाहण्यासारखं आहे. या विभागात दोन जातीची विधानं मिसळलेली असतात. काही ‘मला वस्तू जागच्या जागी लागतात’, ‘काम ठरल्याप्रमाणे पूर्ण करायला आवडतं’ अशी असतात. काही ‘जमाखर्च तपासायला आवडेल’, ‘कागदपत्रांच्या नोंदी ठेवायला आवडेल’ अशी. पहिली स्वभावाबद्दल आहेत, दुसरी कामाबद्दल. नीटनेटक्या मुलीने पहिल्या सगळ्यांवर ‘हो’ म्हटलं आणि दुसऱ्यांवर ‘बरं, चालेल’ म्हटलं, तरी ९ येतात. तिला सरळ विचारा, दिवसभर हिशेब तपासायला आवडेल का? ती ‘नाही’ म्हणाली तर कॉमर्सच्या सरासरीतला सर्वांत मोठा आकडाही गळून पडला. नीटनेटकेपणा आर्किटेक्टच्या नकाशालाही लागतोच.

आवड आणि क्षमता यांची गल्लत आपल्याकडे फार होते. महाराष्ट्रात २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य मंडळाची कल चाचणी सुरू झाली, तेव्हा तिच्यात कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. ती आवडीची चाचणी होती. तरी कितीतरी पालक माझ्याकडे ‘मुलाला ललित कलेत गती आहे असं बोर्डाने सांगितलं’ म्हणत आले. आवड म्हणजे गती नव्हे, आणि एकीचा आकडा दुसरीच्या आकड्यात मिसळून सरासरी काढली तर जे येतं त्याला काहीच नाव देता येत नाही. तुमच्या अहवालात अगदी तेच झालेलं दिसतं.

मग गणिताचं उत्तर कुठून मिळवायचं? दोन ठिकाणांहून, आणि दोन्ही घरातच आहेत. पहिलं, नववी-दहावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका, भाग १ आणि भाग २ वेगवेगळ्या. बीजगणितात गुण कुठे गेले आणि भूमितीत कुठे, ते बघा. आकडेमोडीच्या चुका एका रंगाने आणि मांडणीच किंवा सिद्धताच सुचली नाही अशा चुका दुसऱ्या रंगाने खुणा करा. अवकाशीय ८ असलेल्या मुलीची भूमिती बीजगणितापेक्षा बरी असायला हवी. तशी असेल तर चाचणीच्या गुणाला स्वतंत्र दुजोरा मिळाला. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या असतील तर त्यांतही विशेषतः संकल्पचित्र आणि भूमितीच्या रचनांचं काम कसं होतं ते पाहा.

दुसरं, आणि माझ्या मते कोणत्याही चाचणीपेक्षा मोलाचं, म्हणजे प्रत्यक्ष काम करून पाहणं. बालभारतीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक संकेतस्थळावर मोफत मिळतं. त्रिकोणमितीचा पहिला धडा घ्या. तीन आठवडे, रोज तासभर. शिकवायला कोणीतरी हवं: शाळेचे सर, ओळखीची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कोणीही, पण दोन दिवसांतून एकदा शंका विचारता आल्या पाहिजेत. उदाहरणं किती सुटली हे पाहू नका, तीन गोष्टी पाहा. पहिल्या आठवड्यात अडलेलं उदाहरण तिसऱ्या आठवड्यात तिचं तिला सुटतं का. अडल्यावर ती किती वेळ प्रयत्न करते. आणि तुम्ही न सांगता वही उघडते का. तीन आठवड्यांत प्रगती दिसली आणि ती स्वतःहून बसत असेल, तर अंकीय ५ विसरून पीसीएम घ्यायला हरकत नाही. शिकवूनही काही सरकलं नाही आणि वही पाहिली की पोटात गोळा येत असेल, तर तिचा अवकाशीय गुण कितीही असो, पीसीएममध्ये दोन वर्षं तिची ओढाताण होईल.

तसं झालं तरी कॉमर्स हा एकच पर्याय उरत नाही. डिझाइनच्या अभ्यासक्रमांना, राष्ट्रीय डिझाइन संस्था किंवा आयआयटींची युसीड ही प्रवेश परीक्षा यांच्यासह, बारावीची कोणतीही शाखा चालते. अवकाशीय ८ आणि कलात्मक ८ ही जोडी तिथेही तितकीच कामाची आहे, आणि मग शाखा आर्ट्स असो की कॉमर्स, तिला झेपेल आणि आवडेल ती घेता येते. उलट सायन्स सोडून पुढे आर्किटेक्चरला मात्र जाता येणार नाही, निदान डिप्लोमाची वेगळी वाट धरल्याशिवाय. ‘सायन्स घेऊन ठेवू, सगळे दरवाजे उघडे राहतात’ हे वाक्य म्हणून फक्त अर्धं खरं आहे. बारावीला कमी गुण पडले तर उघडे दरवाजेही आतून बंद होतात.

तिच्या बाबांचं म्हणणं मला कळतं. छापील आकडा आला की तो निवाडा वाटतो. त्यांना वर केलेली सरासरी स्वतः कागदावर करून पाहू द्या. कारकुनी गुण काढून एकदा, यांत्रिक काढून एकदा. ते बहुधा पुरेसं होईल.

शेवटी दोन सूचना. शंका राहिली म्हणून लगेच दुसऱ्या केंद्रात पुन्हा चाचणी करू नका. काही आठवड्यांत तीच किंवा त्याच धर्तीची चाचणी दिली तर सरावानेच गुण वाढतात, आणि हातात दोन न जुळणारे अहवाल येतात. त्याऐवजी पहिल्याच केंद्राकडून कच्चे गुण, सोडवलेल्या प्रश्नांची संख्या आणि तुलनेचा गट लेखी मागा. कोणताही जबाबदार मानसशास्त्रज्ञ हे समजावून सांगतो. आणि कोणी बोटांचे ठसे घेऊन शाखा सांगतो म्हणालं तर तिकडे फिरकू नका. ठशांच्या रेषा गर्भातच, जन्माच्या कित्येक महिने आधी पक्क्या होतात. त्यांवरून गणित की कला हे ठरवायला कसलाही शास्त्रीय आधार नाही.